ग्रुप फोटोतला नवरामुलगा कोणता? पुन्हा पुन्हा होणारा घोटाळा आणि त्यावरचा इलाज

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्स-प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नाचे बायोडाटे करून देणं आणि लग्नाच्या ॲपवर प्रोफाइल भरून देणं हे त्यातलं बारमाही काम. या कामात एक तक्रार दर दोन-तीन महिन्यांनी ठरलेली येते: प्रोफाइल बघून समोरची मंडळी भलत्यालाच मुलगा किंवा मुलगी समजतात. गेल्या वर्षी ही तक्रार माझ्या घरातच आली. म्हणून यावेळी कागद-पेन घेऊन शेवटपर्यंत तपासली.

भाचा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. चंदगडकडच्या एका स्थळाला त्याचं प्रोफाइल पसंत पडलं आणि मुलीचे वडील, काका, मामा घर बघायला आले. भाचा दारात उभा राहून या-बसा करत होता. त्याचा चुलत भाऊ दाद्या आतून पोह्यांच्या बशा घेऊन आला. मुलीचे वडील झटकन उठले, त्याच्या हातातली बशी घेतली आणि म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? बसा की इथं." भावाला बाजूला बसवून त्याचा पगार विचारायला सुरुवात. भावाचं लग्न होऊन तीन वर्षं झालीत आणि त्याची बायको दारातच उभी होती. पाहुणे गेल्यावर भाचा माझ्या दुकानात आला आणि मोबाईल काउंटरवर आपटून म्हणाला, "मामा, मला सोडून दाद्यालाच बघालेत सगळे. आता तिसऱ्यांदा झालं हे."

तिसऱ्यांदा म्हटल्यावर पाहुण्यांच्या नजरेला दोष देऊन भागणार नव्हतं. प्रोफाइल उघडलं.

पाच फोटो, दोन माणसं

पाच फोटो होते. पहिला घरातल्या लग्नातला, दहाजण एका ओळीत, सगळ्यांच्या डोक्यावर भगवे फेटे. दुसरा राजहंसगडावरचा, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यासमोर भाचा आणि दाद्या. तिसऱ्यात भाचा एकटाच होता, पण बाईकवर बसलेला, हेल्मेट आणि काळा गॉगल. चौथा गल्लीतल्या गणपतीचा, सातजण, मंडळाचे एकाच रंगाचे टी-शर्ट. पाचवा चोर्ला घाटात, पुन्हा दोघे भाऊ.

एका जुन्या पावतीच्या पाठीमागं मी दोन रकाने पाडले. प्रत्येक फोटोत कोण आहे आणि त्याचा चेहरा नीट दिसतो का, एवढंच लिहीत गेलो. भाचा पाचही फोटोंत होता, दाद्या चारांत. इथपर्यंत भाचा पुढे. पण चेहरा स्वच्छ दिसतो असे फोटो मोजले तर दाद्याचे तीन निघाले आणि भाच्याचा फक्त एक. लग्नातल्या फोटोत भाचा एका टोकाला उभा, चेहऱ्यावर मंडपाची सावली. गणपतीच्या फोटोत तो मागं वळून कुणाशी तरी बोलतोय. गडावर उन्हामुळं डोळे मिटलेले. चोर्ल्याच्या फोटोत तेवढा बरा आलाय.

अनोळखी माणूस नेमकं हेच करतो. पहिल्याच फोटोत दहाजण दिसले की तो पुढच्या फोटोंत जातो आणि सगळीकडं कोण सारखा दिसतोय ते शोधतो. जो चेहरा त्याला तीनदा ओळखू येतो, तोच त्याच्या हिशेबी नवरामुलगा. एकट्याचा म्हणून जो फोटो होता, त्यात गॉगल आणि हेल्मेट. तोही मग त्यानं दाद्याच्या खात्यावर जमा केला. त्यात दोघे चुलत भाऊ, नाक आणि जिवणी आजोबांकडून आलेली, एकाच साच्यातली.

तेव्हा तक्रार आली की आधी हे दोन रकाने पाडायचे. दहा मिनिटांचं काम आहे. ग्रुप फोटो किती आहेत हे मोजून काही कळत नाही. तुमच्या प्रोफाइलवर तुमच्याइतकाच स्वच्छ दिसणारा दुसरा कुणी आहे का, ते कळलं की दुखणं सापडलं.

आपल्याला दिसतं ते त्यांना का दिसत नाही

भाच्याचं म्हणणं होतं, "एवढं काय मामा, पाचही फोटोत मीच आहे, दिसतंय की." त्याला दिसतंय, मला दिसतंय, ताईला तर पाठमोराही ओळखू येतो. अडचण तिथंच आहे. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा आपण एकाच पद्धतीनं ओळखत नाही.

2011 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी यावर एक सोपा प्रयोग केला होता. हॉलंडमधल्या दोन प्रसिद्ध स्त्रियांचे प्रत्येकी 20, असे 40 फोटो पत्त्यांसारखे पिसून लोकांच्या हातात दिले आणि सांगितलं, एकेका व्यक्तीचे फोटो वेगवेगळ्या ढिगात लावा. ज्या ब्रिटिश लोकांना त्या स्त्रिया माहीत नव्हत्या, त्यांनी साधारण सात-आठ ढीग केले. कुणालाही दोन ढीग जमले नाहीत. हॉलंडच्या लोकांनी मात्र जवळपास सगळ्यांनी दोनच ढीग लावले, कारण ते चेहरे त्यांनी टीव्हीवर रोज पाहिलेले. म्हणजे प्रकाश बदलला, कोन बदलला, केस वेगळे बांधले की अनोळखी माणसाला तुमचेच दोन फोटो दोन वेगळ्या माणसांचे वाटू शकतात. चंदगडच्या पाहुण्यांनी काही वेगळं केलं नव्हतं.

दुसरी गोष्ट आपल्याकडं फार नडते. अनोळखी चेहरा लक्षात ठेवताना माणूस केस, कपाळ, चेहऱ्याचा घेर अशा बाहेरच्या खुणांवर जास्त विसंबतो. डोळे-नाक-तोंड यावरून झटकन ओळखणं हे ओळखीच्या माणसाच्या बाबतीत चालतं. आता फेट्याचा विचार करा. केस गेले, कपाळ गेलं, कानही अर्धे गेले. नेमक्या ज्या खुणा परक्या माणसाला लागतात त्याच झाकल्या आणि वर दहाजणांच्या डोक्यावर एकच रंग. वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतले फोटो बेळगावच्या निम्म्या पोरांच्या प्रोफाइलवर असतात. छाती भरून यावी असे फोटो, माझ्याही भिंतीवर एक आहे. पण माणूस ओळखायला त्यांच्याइतका निरुपयोगी फोटो दुसरा नाही. हेल्मेट, गॉगल, कानटोपी यांचं तेच.

चेहरा किती उरतो, ते मोजा

दुसरं कारण निव्वळ हिशेबाचं. मोबाईलचा आडवा फोटो समजा 4000 बाय 3000 पिक्सेलचा आहे. दहाजण एका ओळीत म्हणजे एकेकाच्या वाट्याला रुंदीचे 400 पिक्सेल, त्यात खांदे धरून. चेहरा साधारण 150. आता ॲपच्या यादीत जो छोटा गोल दिसतो तो बनवताना ॲप बऱ्याचदा आडव्या फोटोचा मधला चौकोन घेतं: 3000 बाय 3000. दोन्ही बाजूंचे 500-500 पिक्सेल उडाले. एकेकाला 400 धरले तर दोन्ही टोकांची माणसं पूर्ण गेली आणि त्यांच्या शेजारचा पाव भाग कापला गेला. भाचा टोकाला होता. स्वतःच्याच प्रोफाइलच्या गोलात तो नव्हता!

पुढं ते 3000 स्क्रीनवर 150 पिक्सेलच्या गोलात बसवायचे, म्हणजे वीस पटीनं लहान. दीडशे पिक्सेलचा चेहरा सात-आठ पिक्सेलचा उरतो. त्यात डोळा म्हणजे एक ठिपका. याउलट उभा फोटो, एकटा माणूस, छातीपर्यंत, चेहऱ्याची रुंदी फोटोच्या एक तृतीयांश, असा धरला तर 3000 पैकी 1000 पिक्सेल चेहऱ्याचे. त्याच गोलात तो 50 पिक्सेलचा दिसतो. सात आणि पन्नास. उभ्या फोटोतसुद्धा चौकोन मधलाच कापला जातो, वरचा आणि खालचा आठवा हिस्सा जातो, म्हणून डोकं वरच्या कडेला टेकवून फोटो काढू नका, केस कापले जातात.

राजहंसगडाच्या फोटोत हीच गोम होती. पुतळा पूर्ण यावा म्हणून फोटो काढणारा मागं मागं सरकला. महाराज पूर्ण आले, पण पायथ्याशी उभे असलेले दोघे काडेपेटीतल्या काड्यांएवढे.

दुरुस्ती: आम्ही काय केलं

पहिला फोटो एकट्याचा. यात तडजोड नाही. आम्ही तो दुकानाच्या दारातच काढला, सकाळी साडेआठला, सावलीत उभा करून, मागं साधी भिंत. गॉगल नाही, टोपी नाही. भाचा रोज चष्मा लावतो पण फोटोत काढून ठेवायची त्याला सवय. मी चष्म्यासकटच काढला, कारण पाहुणे दारात येतील तेव्हा नाकावर चष्मा असणारच. दाढीचंही तसंच. एरवी दाढी असते आणि फोटोत नाही, तर पुढच्या ग्रुप फोटोत पाहुण्यांनी शोधायचं कुणाला? पहिला फोटो हा नमुना आहे. बाकीच्या फोटोंतला चेहरा त्या नमुन्याशी जुळवता आला पाहिजे, म्हणून तो आजच्या दिसण्याचा हवा.

दुसरा फोटोही एकट्याचाच, पूर्ण उंचीचा. दोन एकट्याचे फोटो ओळीनं आले की बघणाऱ्याच्या डोक्यात चेहरा बसतो आणि मग पुढच्या ग्रुपमध्ये तो शोधावा लागत नाही, आपोआप सापडतो.

ग्रुप फोटो पूर्ण काढून टाका असं मी म्हणत नाही. घरची माणसं, मित्र बघून समोरच्याला थोडा अंदाज येतो. पण एकच ठेवायचा आणि तो तिसरा किंवा त्याच्याही नंतर. आम्ही गणपतीचाच दुसरा एक फोटो शोधला, चारजणांचा. त्यात भाचा मधोमध पुढं बसलेला, अंगात झब्बा, बाकी तिघे टी-शर्टवर. दाद्या त्यात नव्हता, हे मुद्दाम. तुमच्यासारखा दिसणारा भाऊ किंवा बहीण आणि तुम्ही, असा दोघांचाच फोटो लग्नाच्या प्रोफाइलवर टाकूच नये असं माझं आता पक्कं मत झालंय. दोघांच्या फोटोत चूक व्हायची शक्यता निम्मी असते आणि भावंडं सारखी दिसत असली तर चूक लक्षातही येत नाही. सगळ्या फोटोंत तोच एक मित्र असेल तरी तोच घोटाळा. नाही म्हणायला ठेवायचाच असेल तर आजी-आजोबांबरोबरचा ठेवा. तिथं कोण मुलगा हे विचारायला फोन येत नाही.

फोटोखाली ओळ लिहायची सोय असेल तर लिहा, पण "डावीकडून दुसरा" एवढंच लिहू नका. लिहिणारा बऱ्याचदा फोटो काढताना आपण कुठं उभे होतो ते आठवून लिहितो, आणि आपली डावी ती बघणाऱ्याची उजवी असते. सेल्फीत तर आणखी गोंधळ. काही मोबाईल सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात, काही सुलटी. टाकलेला फोटो समोर धरून मोजा आणि जोडीला कपडा लिहा: "मधे बसलेला, पांढरा झब्बा". स्थळं कोल्हापुराकडून येतात, गोव्याकडून येतात, हुबळी-धारवाडकडूनही येतात आणि तिकडच्या घरात मराठी वाचणारं कुणी असेलच असं नाही. त्यामुळं ओळ मराठीत आणि त्याखाली इंग्रजीत, दोन्ही लिहितो मी. लांब नको, चार शब्द.

हे उपाय करू नका

बहुतेकजण ग्रुप फोटोतून स्वतःला कापून काढतात. वर मोजलेला 150 पिक्सेलचा चेहरा कापून मोठा केला की तो धुरकटच येणार. आणि खांद्यावर कुणाचा तरी बिनधडाचा हात राहतो. एका मुलीच्या फोटोत तो हात बांगड्यांचा होता म्हणून निभावलं. घड्याळ घातलेला पुरुषाचा हात असता तर तिच्या आईला किती जणांना उत्तरं द्यावी लागली असती, कल्पना करा.

इतरांच्या तोंडावर हसऱ्या पिवळ्या गोळ्या चिकटवणं हा दुसरा प्रकार. त्यानं तुम्ही कोण हे कळतं खरं, पण नजर आधी गोळ्यांकडं जाते. लाल बाणाचंही तसंच. मध्यस्थाला समजावून सांगण्यापुरता बाण ठीक, प्रोफाइलवर तो पेपरातल्या गुन्ह्याच्या बातमीसारखा दिसतो. दुसरा फोटोच नसेल तर बाकीच्यांचे चेहरे हलके धूसर करा, ते त्यातल्या त्यात डोळ्यांना बरं.

आणि एक गोष्ट दटावून सांगतो: घरातल्या मुलींचे फोटो. लग्नाच्या ग्रुप फोटोत चुलत-मावस बहिणी असतातच. त्यांना न विचारता तो फोटो लग्नाच्या ॲपवर चढवला की "शेजारच्या हिरव्या साडीतल्या मुलीचं ठरलंय काय?" असा फोन येतो. माझ्या दुकानात असे दोन फोन प्रत्यक्ष आलेत, कारण बायोडाट्यावर खाली माझा नंबर होता. विचारून टाका, नाहीतर टाकू नका.

झालं का नीट? तपासायचं कसं

घरच्यांना दाखवून काही उपयोग नाही, ते पास करणारच. ज्यानं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही असा माणूस लागतो. शेजारच्या टेलरकडं नवीन आलेला कारागीर होता, बैलहोंगलकडचा, त्याला मी बोलावलं. मोबाईल हातात दिला, फोटो दोन-दोन सेकंदांत सरकवले आणि ग्रुप फोटोवर थांबून विचारलं, यातला तो कोण? पहिल्या खेपेला तो म्हणाला, "हा नडुवचा." म्हणजे मधला. बरोबर होतं, पण मला समाधान वाटेना. मधला कुणीही सांगतो, नाहीतरी माणूस अंदाजानं मधल्यावरच बोट ठेवतो. म्हणून ग्रुप फोटो बदलून भाचा कडेला असलेला एक लावला आणि टेलरला, म्हणजे मालकाला, तसंच विचारलं. तोही भाच्याला ओळखत नव्हता. त्यानं चष्म्यावरून कडेचा अचूक दाखवला. तेव्हा कळलं की आता पहिला फोटो आपलं काम करतोय. मग चारजणांचा, मधे बसलेला फोटोच परत लावला.

तीन अनोळखी माणसांनी न अडखळता बरोबर बोट ठेवलं की पुरे. एकानं जरी "हा काय?" असं विचारत उत्तर दिलं तर ग्रुप फोटो काढून टाका, त्यावर आणखी वेळ घालवू नका. एकाच माणसाला दोनदा विचारून चालत नाही, एव्हाना तो तुमचा चेहरा शिकलेला असतो.

दुरुस्त करूनही पुन्हा होत असेल

भाच्याचं प्रोफाइल सुधारलं आणि पंधरा दिवसांत परत फोन आला, "फेटेवाल्या फोटोतला कोणता हो?" म्हणजे कुणीतरी अजून जुनाच फोटो बघत होतं. शोधल्यावर तीन ठिकाणं सापडली. व्हॉट्सॲपच्या डीपीवर तो दहाजणांचा फोटो तसाच होता. ॲपवर पसंती कळवल्यावर पुढचं बोलणं व्हॉट्सॲपवरच होतं आणि तिथं पाहुण्यांना पुन्हा दहाजण दिसत होते. दुसरं, खानापूरच्या एका मध्यस्थाकडं जुन्या बायोडाट्याची पीडीएफ होती आणि ते मध्यस्थ तीच ग्रुपवर पाठवत राहिले होते. तिसरं, ताईनंच माहेरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, तो फिरत फिरत निपाणीपर्यंत गेला होता. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की लहान होतो, त्यामुळं शेवटी पोचलेल्या फोटोत चेहरे आणखी गिळलेले.

डीपी लगेच बदलला, तोच दारातला फोटो लावला. दोन्हीकडं एकच फोटो असला की ॲपवरून आलेल्या माणसाला आपण योग्य नंबरवर आलोय एवढीही खात्री पटते. मध्यस्थांना नवीन बायोडाटा डॉक्युमेंट म्हणून पाठवला, फोटो म्हणून नाही, म्हणजे तो आहे त्याच आकारात पोचतो. आणि बायोडाट्याच्या खालच्या कोपऱ्यात आता मी महिना आणि वर्ष छापतो. कुणी फोन करून "फेटेवाला कोणता" विचारलं तर आधी एवढंच विचारायचं: खाली तारीख आहे काय? नसेल तर जुना कागद, नवीन पाठवून द्यायचा.

निपाणीचा फोटो मात्र अजून फिरतोय. परवाच दाद्याला एक स्थळ येऊन गेलं.